गौरीच्या पंगतीत गहू कुठे कुठे होता

सायली (नाव बदललं आहे) २४ वर्षांची. नोकरी पुण्यात, घर कऱ्हाडजवळच्या गावात. दोन वर्षांपूर्वी तिला सिलिअ‍ॅकचं निदान झालं. जुलाब-उलट्या असं काही नव्हतं, म्हणूनच इतका उशीर झाला. हिमोग्लोबिन कायम खाली, लोहाच्या गोळ्यांनी वाढेना, केस गळायचे, जिना चढला की धाप. शेवटी कुणीतरी टीटीजी, म्हणजे या आजारात रक्तात वाढणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी करायला लावली. ती बरीच वाढलेली निघाली, आणि दुर्बिणीतून घेतलेल्या लहान आतड्याच्या तुकड्यात अन्नरस शोषणारे रसांकुर झिजून सपाट झालेले दिसले. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं, असा हा आजार. औषध नाही. ग्लुटेन जन्मभर बंद, एवढाच उपचार. हा आजार उत्तरेकडे जास्त दिसतो, म्हणून आपल्याकडे भातखाऊ घरांत तो कुणाच्या डोक्यातच येत नाही.

मी आहारतज्ज्ञ. ती माझ्याकडे आली तेव्हा तिची मुख्य तक्रार वर्षातल्या एकाच जेवणाबद्दल होती. त्यांच्या मोठ्या काकांकडे गौरी बसतात. पूजनाच्या दिवशी सगळे चुलत-आते मिळून ३५ पानं उठतात. आदल्या वर्षी तिने पोळीला हात लावला नव्हता. शेवयांची खीर, तळलेले मोदक, कुरडई, सगळं सोडलं होतं. वरणभात, अळूची भाजी, कोशिंबीर, कटाची आमटी, दोन भजी, एवढंच जेवली. तरी रात्री पोट फुगून ढोल झालं, दोन दिवसांनी तोंड आलं आणि आठवडाभर अंगात त्राण नव्हतं. घरच्यांचं म्हणणं, ‘वरणभाताने कुणाला काय होतंय? मनाचे खेळ आहेत.’ तिचं म्हणणं, ‘यंदा मी जातच नाही.’

मी तिला काकूंना फोन लावायला सांगितलं आणि मागच्या वर्षीचा स्वयंपाक पहिल्यापासून वदवून घेतला. काय काय केलं हे विचारून उपयोग नव्हता. कशाच्या आधी काय केलं, कशात केलं, कुठल्या डब्यातलं काय घेतलं, ते हवं होतं. तासाभरात पान बऱ्यापैकी उलगडलं.

पहिला मुद्दा हिंगाचा. बाजारातला डबीतला हिंग म्हणजे निव्वळ हिंग नसतो, तो बांधानी असतो. हिंगाचा चीक इतका उग्र आणि चिकट असतो की तो पिठात आणि डिंकात मळूनच विकतात. काही कंपन्या तांदळाचं पीठ वापरतात, पण मैदा किंवा कणीक वापरणाऱ्या भरपूर आहेत. काकूंनी डबी उलटी करून वाचली: गव्हाचं पीठ, अरबी डिंक, हिंग, याच क्रमाने. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, म्हणजे सगळ्यात जास्त गहूच. आणि गौरीचा स्वयंपाक कांदा-लसणाशिवाय. त्यामुळे रोजच्यापेक्षा हिंग सढळ. डाळ शिजवतानाच कुकरमध्ये हळद-हिंग, मग अळूला, आमटीला, भाज्यांना, कोशिंबिरीला, पंचामृताला फोडणीत. ज्या वरणभातावर ती बिनधास्त होती, त्याचीच सुरुवात हिंगाने होत होती.

आता हे किती होतं, याचा हिशेब मी मांडला, कारण नुसतं ‘हिंगात गहू असतो’ म्हणून घाबरवणं मला आवडत नाही. दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन बहुतेक सिलिअ‍ॅक रुग्णांचं आतडं सोसतं, आणि रोज ५० मिलिग्रॅम काही महिने गेलं तर रसांकुर पुन्हा झिजायला लागतात, असं अभ्यासांतून दिसलं आहे. एक ग्रॅम गव्हाच्या पिठात ग्लुटेन साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम. काकूंच्या अंदाजाने सगळ्या स्वयंपाकात मिळून दोन-तीन चमचे हिंग गेला, म्हणजे दहाएक ग्रॅम. त्यात निम्मा गहू धरला तर ५ ग्रॅम पीठ, म्हणजे ४०० ते ५०० मिलिग्रॅम ग्लुटेन. ३५ पानांत वाटलं तर माणशी ११ ते १४. म्हणजे सगळं वाढलेलं खाल्लं तर एकट्या हिंगाने ती मर्यादेच्या जरा पुढे गेली. एवढ्याने आठवडाभर झोपून राहावं इतकं काही ते नाही. दुसरं काहीतरी नक्की होतं.

ते दुसरं तळणीत सापडलं. फुलोऱ्याच्या करंज्या, मोदक आदल्या दिवशी तळून झाले होते. तेल चांगलं होतं, म्हणून काकूंनी ते गाळून ठेवलं, आणि पूजनाच्या दिवशी त्यातच आधी कुरडया, मग पापड आणि शेवटी भजी. कुरडई गव्हाच्या चिकाची असते, आणि चिकात थोडं ग्लुटेन राहतंच. तळताना तुटलेले तिचे तंतू कढईच्या तळाशी बसतात. उष्णतेने ग्लुटेन नष्ट होत नाही, कितीही कडक तळलं तरी. तिची दोन भजी बेसनाची होती खरी, पण ती करंजीच्या आणि कुरडईच्या तेलातून निघाली होती.

तिसरं तूप. वाढणारा एका हातात तुपाचं भांडं घेऊन पंगतीतून जातो, पुरणपोळीवर तूप सोडतो, चमचा पोळीला टेकतो, आणि तोच चमचा पुढच्या पानात वरणभातावर. पोळीचा एक-दीड सेंटिमीटरचा तुकडा तुपातून तिच्या भातावर आला असेल तर तिच्या वाट्याच्या हिंगाच्या जवळपास ग्लुटेन त्या एका चमच्यातून गेलं. कोरडं पीठ असेल तर दोन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढंसुद्धा मर्यादेच्या पलीकडे जातं.

यातलं नेमकं कशाने झालं हे मागे जाऊन सिद्ध करता येत नाही. लक्षणांवरूनही ठरवता येत नाही. काहींना भरपूर ग्लुटेन जाऊनही काही जाणवत नाही, तरी आत झीज चालू राहते. एकदा चुकून खाल्लेलं टीटीजीतही सहसा दिसत नाही, ती तपासणी महिनोन्महिन्यांची गोळाबेरीज सांगते. त्यामुळे आम्ही गुन्हेगार शोधत बसलो नाही. तिन्ही वाटा बंद करायच्या ठरवल्या.

सायलीची पहिली कल्पना अशी की पुण्याहून डबा करून न्यायचा. मी विरोध केला नाही, पण गौरीच्या घरात बाहेरचा शिजवलेला डबा, तोही पूजनाच्या दिवशी, हे तिच्या आजीच्या गळी उतरणं अवघड होतं. आजी ८० च्या पुढच्या. नैवेद्याचा स्वयंपाक अजून सोवळ्यात होतो आणि त्याची सूत्रं आजीच्या हातात. काकूंना हा आजार समजावताना सायलीची दमछाक होत होती. आजीला सांगताना मात्र तिला वेगळंच सुचलं. ती म्हणाली, ‘आजी, माझ्यासाठी गहू ओवळा आहे असं समज. त्याला लागलेला हात, चमचा, तेल, फडकं, सगळं ओवळं. धुतल्याशिवाय माझ्या जेवणाला लावायचं नाही.’

आजी थोडा वेळ गप्प राहिली म्हणे, आणि मग तिने विचारलं, ‘आणि वारा?’

हा प्रश्न माझ्या अनेक सुशिक्षित रुग्णांना सुचत नाही. कणीक चाळताना पिठाचा धुरळा उडतो आणि उघड्या भांड्यांवर बसतो. आजीच्या शिस्तीत स्पर्श, क्रम आणि जागा या तिन्हीचा विचार आधीपासूनच होता. सोवळ्याचा इतिहास काय आहे, ते कुणाकुणाला बाहेर बसवण्यासाठी वापरलं गेलं, हे मला ठाऊक आहे आणि त्याची तरफदारी मला करायची नाही. पण ज्या बाईने साठ वर्षं कशाला काय लागलं याचा मनात हिशेब ठेवून स्वयंपाक केला, तिला एका पदार्थाचा अंश दुसऱ्यात कसा जातो याचं शास्त्र शिकवावं लागत नाही. फक्त एक गोष्ट वेगळी सांगावी लागली: सोवळ्यात केलेली पोळीसुद्धा सायलीला विषच.

क्रम असा बसवला. हिंग सगळ्या घरासाठीच बदलायचा. तांदळाच्या पिठात बांधलेला, आवरणावर ग्लुटेन-मुक्त लिहिलेला एक डबा सायलीने पुण्याहून नेला. आपल्याकडे हे शब्द छापायला किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असून चालत नाही. या एका बदलाने वरण, अळू, भाज्या, कोशिंबीर एकदम मोकळी झाली आणि तिच्यासाठी वेगळं काही शिजवण्याची गरजच संपली. राहिला गोडा मसाला. तो चैत्रात घरी केलेला, त्यात जुनाच हिंग तळून घातलेला. आमटीत मसाला पडतो चमचा-दोन चमचे, त्यातला हिंग नखभर, माणशी हिशेब एका मिलिग्रॅमच्याही खाली. तरी कटाची आमटी मसाला घालण्याआधी तिच्यापुरती वाटीभर बाजूला काढायची ठरली, कारण ते फुकटात होत होतं.

पुरणाचं असंच. हरभऱ्याची डाळ आणि गूळ, यात गहू कुठेच नाही. पण पुरणयंत्रातून निघालेल्या गोळ्यात कणकेचा हात पडला की संपलं. म्हणून पुरण वाटल्या वाटल्या, कणीक भिजवायला घेण्याआधी, तिचा वाटा झाकणाच्या डब्यात.

आंबिलीला ज्वारीचं पीठ लागतं, आणि गावच्या गिरणीत ज्वारी गव्हाच्या मागेच पडते. आधीच्या दळणाचं पीठ जात्यात आणि नळीत राहिलेलं असतं, ते पुढच्याच्या डब्यात जातं. पहिलं थोडं दळण बाजूला काढा असं काही जण सांगतात, मला ते पुरेसं वाटत नाही. आख्खी ज्वारी आणली. आजीने ती ताटात पसरून स्वतः निवडली. तिच्या हाताला सात-आठ दाणे गव्हाचे लागले, ते तिने सायलीला दाखवायला वेगळे ठेवले होते. ज्वारी धुऊन, वाळवून सायलीने पुण्याहून नेलेल्या मिक्सरच्या भांड्यात दळली.

तळणीचा क्रम उलटा केला. सकाळी घासलेल्या कढईत नवं तेल, आधी भजी आणि उडदाचे पापड, तिचा वाटा निघाला की मग कुरडया. आणि पोळ्या मागच्या पडवीत. तिथे दरवर्षी निम्म्या पोळ्या व्हायच्याच, यंदा सगळ्या.

पूजनाच्या दिवशी दहा वाजेपर्यंत सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. मग काकूंनी सायलीला आत बोलावलं. परातीत तांदळाची उकड मळून तयार, शेजारी केळीच्या पानाचे तुकडे. ‘सगळे पुरणपोळी खाणार आणि तू नुसतं पुरण चाटणार, मला बघवायचं नाही. तांदळाची करते तुझ्यासाठी, पानावर थापून.’ काकूंनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

सायली परातीजवळ वाकली. उकड पांढरीशुभ्र असायला हवी, तिच्यात तांबूस बारीक कण दिसत होते. तिने शेजारचा पिठीचा डबा उघडला. तळाशी कोंड्याचे तसेच कण, आणि मोहरीएवढ्या, वाळून टणक झालेल्या गोळ्या. ‘काकू, ही पिठी कुठली?’

‘लाटायचीच की. गेल्या वेळची चाळून भरून ठेवलेली.’

पुरणपोळी तांदळाच्या पिठीवर लाटतात, म्हणजे सरकते चांगली. पोळपाटावर उरलेली पिठी टाकवत नाही, ती चाळून परत डब्यात जाते. कणकेचे सूक्ष्म कण चाळणीतून आरामात खाली पडतात, चाळणीवर राहतात त्या फक्त मोठ्या गुठळ्या. त्या घरात तो डबा कित्येक वर्षं असाच भरला आणि वापरला जात होता. त्याच्यावर ‘तांदूळ’ लिहिलेलं होतं आणि काकूंच्या मनात काडीचाही किंतु नव्हता. फोनवर तासभर विचारपूस करूनही हा डबा माझ्या यादीत आला नाही, कारण पिठी तिच्या पानात जाणारच नव्हती. प्रेमाने ऐन वेळी वाढवलेला पदार्थ हा कुठल्याही योजनेतला सगळ्यात कच्चा दुवा असतो. तो सांगून येत नाही, आणि नाकारला तर समोरच्याचा चेहरा पडतो.

सायली काय बोलावं या विचारात असतानाच सोवळ्यातली आजी दारात आली, तिने डब्यात डोकावलं आणि निकाल दिला, ‘ओवळा झालाय तो डबा. पडवीत ने.’ काकू काही बोलल्या नाहीत. उकड घरच्या पोरांच्या पानात गेली. सायलीला वाटीत पुरण, वर कोमट दूध आणि तूप, आणि ते तूप तिच्या स्वतःच्या वाटीतलं.

पंगत ही वेगळी लढाई. तिचं पान पहिल्या पंगतीच्या कडेला मांडलं, आणि पोळी वाढायला निघण्याआधी तिचे सगळे पदार्थ तिने स्वतःच्या झाकलेल्या भांड्यांतून वाढून घेतले. वाढप्यांना एकच सूचना, या पानाकडे यायचंच नाही. नकार कसा द्यायचा हे आम्ही आधी बोललो होतो. ‘मला चालत नाही’ हे वाक्य पंगतीत कुचकामी आहे, ते उपासासारखं किंवा डाएटसारखं ऐकू येतं आणि आग्रहाला जोर चढतो. तिने ठरवलेलं वाक्य होतं, ‘गव्हाने माझं आतडं सोलवटतं, डॉक्टरांनी जन्मभर बंद सांगितलाय.’ जेवताना ऐकायला बरं नाही, पण पुढचा प्रश्न येत नाही.

तरी आत्याचे यजमान पोळीचं ताट घेऊन आलेच. ‘अगं, गौरीचा प्रसाद आहे, अर्धी तरी,’ आणि ती नाही म्हणेपर्यंत अर्धी पोळी पानाच्या कडेला पडलीसुद्धा. पोळी उचलून बाकीचं जेवावं असा मोह इथे होतो. पुरणपोळीला लाटणीची पिठी चिकटलेली असते, ती पडताना झडते, आणि आजूबाजूच्या कोशिंबिरीत, मिठात कुठे गेली ते दिसत नाही. सायलीने पान बदललं. पानात टाकणं त्या घरात पाप. भावाने ते पान स्वतःपुढे ओढून घेतलं आणि संपवलं. आतोबा जरा दुखावले, संध्याकाळपर्यंत दुखावलेलेच राहिले. त्यावर उपाय मला माहीत नाही.

प्रसादाचा प्रश्न आजीने आधीच मिटवला होता. नैवेद्याच्या ताटाशेजारी आंबिलीची वाटी वेगळी ठेवली, आणि सायलीला प्रसाद म्हणून तीच दिली. चिमूटभर शिऱ्याचा प्रसाद नाकारता न आल्यामुळे नियम मोडणारे रुग्ण मी पुष्कळ पाहते. चिमटीभर रव्यात दिवसभराच्या मर्यादेच्या कितीतरी पट ग्लुटेन असतं, त्यामुळे ‘एवढ्याशाने काय होतंय’ इथे लागू पडत नाही. पंचखाद्य, नारळ, साखर, फळ यांतलं काही आधीच ताटाजवळ वेगळं ठेवलं तर कुणाच्याच भावनेला धक्का लागत नाही.

तिला त्या आठवड्यात काही त्रास झाला नाही. याचा अर्थ ग्लुटेन शून्य गेलं असा मी लावत नाही. तिची टीटीजी नेहमीच्या सहामाही तारखेला केली, ती आधीच्यापेक्षा खाली आली होती, पण त्याचं श्रेय वर्षभराच्या जेवणाला.

पान संपवणाऱ्या भावाचीही तपासणी करायला मी सांगितलं. सख्ख्या भावंडांत हा आजार निघण्याचं प्रमाण साधारण दहात एक असतं, तक्रार काही नसली तरी. तो उत्साहाने म्हणाला, ‘मग मीपण आजपासून गहू सोडतो.’ तसं करायचं नसतं. गहू खात असतानाच टीटीजी आणि सोबत आयजीए या प्रतिपिंडाच्या एकूण प्रमाणाची तपासणी करायची, नाहीतर आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. त्याची तपासणी ठीक आली. पुढे काही लक्षण दिसलं किंवा काही वर्षं गेली की पुन्हा करावी लागेल.

दिवाळीच्या आधी काकूंचा मला थेट फोन आला. चकलीची भाजणी तांदूळ-डाळींचीच आहे, तिच्यात त्या गहू घालत नाहीत, मग सायलीला चालेल ना? दळणार कुठे, मी विचारलं. गिरणीतच, पण गिरणीवाला म्हणतो सकाळी पहिलं दळून देतो. मी म्हटलं, आदल्या रात्री त्याने शेवटचं काय दळलं ते विचारा. काकू म्हणाल्या, ‘थांबा, तो इथंच समोर बसलाय,’ आणि फोन त्याच्याच हातात दिला.